स्वतःविषयी दोन मिनिटं

आधार कार्डाचा देशातला पहिला क्रमांक नंदुरबार जिल्ह्यात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभली या गावी आले आणि रंजना सोनवणे यांच्या हाती बारा आकडी ओळख पडली. ‘तू कोण?’ या प्रश्नाचं सरकारी उत्तर देशात सर्वांत आधी या जिल्ह्याला मिळालं, असं म्हणायला हरकत नाही. अडचण एवढीच, की शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला समोर बसलेल्या चार माणसांचं बारा आकड्यांनी समाधान होत नाही. ती चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, “हं, स्वतःविषयी थोडक्यात सांग बरं.”

इथे भल्याभल्यांची बोबडी वळते. ज्या मुलीने चांदसैली घाटात दरड कोसळलेली असताना पायी उतरून तळोद्याची एसटी पकडली, ती मुलगी या एका वाक्यापुढे खिळून बसते. कारण तिच्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या फायलीत ती स्वतः पूर्ण भरलेली असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, प्रांतांचा जातीचा दाखला, तपासणी समितीचं जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, पिवळं रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि त्या सगळ्यावर ‘मूळ प्रतीबरहुकूम खरी प्रत’ असा शिक्का. एवढं सगळं दिल्यावर आणखी ‘स्वतःविषयी’ म्हणजे नेमकं काय उरतं, हे तिला कळत नाही. फाईल उघडून दाखवावी तर साहेब म्हणतात, “कागद आम्ही पाहिलेत. तू बोल.”

बहुतेक शिष्यवृत्त्यांना बोलायची गरज पडत नाही, हेही खरं. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये देते आणि मुलाचं तोंडसुद्धा पाहत नाही. महाडीबीटीचं संकेतस्थळ फक्त ओटीपी विचारतं. सातपुड्यात तोही सहज देता येत नाही. मोबाईल घेऊन टेकाडावर चढावं, रेंज आली की ओटीपी यावा, आणि तो वाचून खाली कॉम्प्युटरवाल्याला ओरडून सांगेपर्यंत त्याची मुदत संपावी, असा तो व्यायाम आहे. पण तिथे कुणी स्वभाव विचारत नाही. प्रश्न येतो तो खासगी विश्वस्त संस्थांकडे, पुण्यातल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या वसतिगृहांच्या प्रवेशाला, किंवा केंद्र सरकारच्या अनुसूचित जमातींसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीला. या शेवटच्या शिष्यवृत्तीच्या अख्ख्या देशात मिळून वर्षाला २० जागा असतात. अशा ठिकाणी कागदावर सगळेच पात्र असतात, म्हणून माणूस समोर बसवून ऐकावा लागतो.

आणि ऐकवायचं काय, याचं प्रशिक्षण गावात कोण देणार? वक्तृत्व स्पर्धेचे सर.

समजा, एक मुलगी आहे. अशी अमुक एक मुलगी शोधायला जाऊ नये. तिच्यात पुष्कळ मुली मिसळल्या आहेत. ती धडगावकडच्या एका पाड्यावरची आहे, घरात पावरी बोलते, आश्रमशाळेत शिकली आहे आणि तिला नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगला जायचं आहे. मार्चमध्ये होळीच्या आधल्या आठवड्यात, म्हणजे अख्ख्या सातपुड्यात ढोल घुमत असताना, एका संस्थेने मुलाखत ठेवली आहे. सरांनी तिला चार परिच्छेदांचं भाषण पाठ करून दिलं. त्याची सुरुवात अशी: “मी अत्यंत गरीब कुटुंबातील मुलगी असून आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य आहे. माझे आईवडील अहोरात्र काबाडकष्ट करून आम्हा भावंडांचा सांभाळ करतात. अनेक रात्री आम्ही अर्धपोटी झोपलो आहोत.” शेवट असा: “आपण मदतीचा हात दिलात तर मी या संधीचं सोनं करीन.”

हे भाषण वाईट नाही. गैरसोय अशी, की त्याच दिवशी त्याच खोलीत तिच्या आधी अकरा जणांनी ते म्हटलेलं असतं. अकराही घरांत दारिद्र्य अठराविश्वेच, एकाही घरात सतराविश्वे नाही. बाराव्या वेळी ‘संधीचं सोनं’ आल्यावर खजिनदारांना आपल्या पत्नीने परवा काढलेला दहा ग्रॅमचा विषय आठवतो. प्राध्यापक बाई मान खाली घालतात. निवृत्त बँक मॅनेजर पाण्याचा ग्लास पुढे सरकवतात. उमेदवाराने हे लक्षात ठेवायला हवं: पाण्याचा ग्लास पुढे आला की मुलाखत संपली आणि सांत्वन सुरू झालं. सांत्वनानंतर प्रश्न येत नाहीत. “बरं बेटा, अभ्यास कर हं,” येतं.

यात समितीचा निर्दयपणा नाही. गरिबी ही गोष्ट तिच्यासमोर आधीच सिद्ध झालेली आहे. तहसीलदारांनी सही-शिक्क्यानिशी सांगितलंय की या घराचं वार्षिक उत्पन्न अमुक इतकं आहे. दोन मिनिटांत माणूस सव्वादोनशे-अडीचशे शब्द बोलतो. त्यातले दीडशे शब्द जर तहसीलदारांच्याच म्हणण्याला दुजोरा देण्यात गेले, तर उरलेल्या शंभरात मुलगी कुठे बसणार?

शहाद्याच्या कॉलेजातल्या चुलत भावाने हे भाषण ऐकलं आणि नाक मुरडलं. तो ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिराला जाऊन आलेला होता. त्याने सगळं रडगाणं खोडलं आणि नवं लिहून दिलं: “मी मेहनती, जिद्दी, प्रामाणिक आणि सकारात्मक विचारांची आहे. माझ्यात उत्तम नेतृत्वगुण आहेत. मी कोणतंही आव्हान पेलू शकते. वाचन हा माझा छंद आहे.” हे भाषण ताठ मानेने म्हणायचं होतं. हाताची बोटं एकमेकांत गुंतवून, मध्ये एक स्मित करून.

आता समितीचा चेहरा कसा होतो, ते बघण्यासारखं असतं. बँक मॅनेजर पुढे झुकतात. त्यांनी उभी हयात कर्ज मागायला आलेल्या मेहनती, जिद्दी आणि प्रामाणिक माणसांत घालवलेली असते. ते गोड आवाजात विचारतात, “वाचन छंद आहे का? वा. शेवटचं कोणतं पुस्तक वाचलं?” खोलीत शांतता. “नेतृत्व कुठे केलं?” पुन्हा शांतता. तेवढ्यात देणगीदारांच्या घरचे तरुण गृहस्थ, जे आतापर्यंत मोबाईलमध्ये होते, खरोखर कुतूहलाने विचारतात, “एवढं सगळं तुझ्यात आहे, तर मग आमची शिष्यवृत्ती कशाला?”

बढाईचं लक्षण ग्लासाइतकंच उघड आहे. जिथे विशेषण, तिथे पुढचा प्रश्न ‘कसं काय?’ असाच येतो आणि त्याचं उत्तर पाठ केलेलं नसतं. म्हणून एक साधी तपासणी घरीच करता येते. लिहिलेल्या भाषणातलं प्रत्येक वाक्य भावंडाला वाचून दाखवायचं आणि त्याला फक्त दोनच प्रश्न विचारायला सांगायचे: “म्हणजे काय?” आणि “कधी?” ज्या वाक्यानंतर आपण गप्प बसलो, ते वाक्य खोडायचं. वर दिलेल्या दोन्ही भाषणांना ही तपासणी लावली, तर पहिल्यातून ‘आईवडील’ उरतात आणि दुसऱ्यातून काहीच उरत नाही.

मग उरलेली जागा कशाने भरायची? इथे आपल्या मुलीची मावशी उपयोगी पडते. मावशी आशा कार्यकर्ती आहे. दहावीनंतर सुट्टीत मुलगी तिच्याबरोबर पाड्यापाड्यांत फिरायची, कारण मावशीची वही मुलीचं अक्षर चांगलं म्हणून तिच्याकडे असायची. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, त्यांनी त्या खाल्ल्या का ते महिन्याने विचारायचं. बाया “हो, हो” म्हणायच्या आणि गोळ्यांची पाकिटं घराच्या कुडात तशीच खोचलेली सापडायची. मुलीने एकीला खोदून विचारलं. ती बाई आधी लाजली आणि मग पावरीत म्हणाली, की गोळी खाल्ल्यावर शौचाला काळी होते. पोटात काही जळलं असेल, बाळालाही लागेल. ही भीती ती नर्सबाईंना मराठीत सांगू शकत नव्हती आणि नर्सबाईंना पावरीत विचारता येत नव्हतं. मुलीने धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात नर्सबाईंना विचारून घेतलं. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण मग लोह अंगाला कमी लागतं. तिने हे दोन मुद्दे पावरीत घरोघर सांगितले. पुढच्या फेरीला काही कुडांतली पाकिटं रिकामी निघाली.

ही गोष्ट तिच्या भाषणात नव्हती. का नव्हती? तर तिला ती ‘काही विशेष’ वाटली नाही. सरांनी विचारलं होतं, “तुझं काही बक्षीस वगैरे आहे का?” तिचं बक्षीस नव्हतं. लांब उडीत तालुक्याला तिसरी आली होती, पण त्या वर्षी प्रमाणपत्रं छापूनच आली नव्हती.

गरजेचंही तसंच. “खूप गरज आहे” याने खजिनदारांच्या वहीत काही लिहिता येत नाही. गरज म्हणजे वजाबाकी आहे, आणि ती मुलीने स्वतः मांडलेली असली की तिची ऐट वेगळीच असते. सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिच्या शिक्षण शुल्काचं बघते आणि निर्वाह भत्ताही देते, पण तो पैसा अर्ज, पडताळणी, कॉलेजची मंजुरी आणि विभागाची मंजुरी असे मुक्काम करत येतो. मेसवाला मात्र महिन्याच्या पाच तारखेला येतो. म्हणून मुलीने कागदावर हिशेब केला. मेस महिना ३,००० रुपये, आठ महिने, म्हणजे २४,०००. वसतिगृहाची अनामत ५,०००. गणवेश, पुस्तकं, स्टेथोस्कोप वगैरे ७,०००. एकूण ३६,०००. घरून एक बोकड विकून ९,००० येतील. सुट्टीत तिने स्वतः सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून ३,००० साठवले आहेत. तूट २४,०००. ही तूट सरकारी पैसा जमा होईपर्यंतची आहे. पुढच्या वर्षी ती याहून कमी असेल, कारण अनामत आणि गणवेश एकदाच लागतात.

हे ऐकल्यावर कुणी ग्लास पुढे करत नाही. खजिनदार पेन काढतात.

या घरात दारिद्र्य किती विश्वे आहे, ते बोकडाने सांगितलं. वर मुलीने स्वतःही तीन हजार टाकले, हे तिने स्वतःचं कौतुक न करता समोर आलं. मागणारी व्यक्ती किती आणि कधीपर्यंत, हे सांगू शकते, याचा अर्थ तिला पैसा मोजता येतो. आणि जिला पैसा मोजता येतो तिला तो द्यायला बँक मॅनेजरांची ना नसते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हीच माणसं हवी होती.

हिशेबात एक खड्डा मात्र आहे आणि नंदुरबारची मुलं त्यात हमखास पडतात. जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतात. मुलगा समितीसमोर भाबडेपणाने सांगतो, “बाबांनी यंदा ऐंशी हजार घेतले.” समोर उत्पन्नाचा दाखला साठ हजारांचा. खजिनदारांची भुवई वर जाते आणि खाली येतच नाही. मुलगा खोटं बोललेला नसतो, दाखलाही खोटा नसतो. उचल ही मिळकत नव्हे, ते अंगावरचं देणं आहे, जे पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या मजुरीतून कापलं जातं. तोडणी कमी भरली तर उरलेलं पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसतं. एवढं एक वाक्य तयार ठेवलं तर भुवई जागेवर येते. नाही ठेवलं, तर अर्जावर बारीक अक्षरात ‘उत्पन्नात विसंगती’ असा शेरा पडतो, आणि तो उमेदवाराला कधीच दिसत नाही.

पत्त्याचंही एक गमतीदार प्रकरण आहे. तालुक्याचं नाव कागदावर अक्राणी, आणि एसटीच्या पाटीवर, लोकांच्या तोंडी, बाजाराच्या दिवशी आणि भांडणात धडगाव. मुलगी म्हणते, “मी धडगावची.” दाखला म्हणतो अक्राणी. पुण्याहून आलेल्या प्राध्यापक बाईंना वाटतं, मुलीने मध्येच स्थलांतर केलं. अडीच मिनिटांच्या मुलाखतीतलं अर्धं मिनिट भूगोलात जातं. तेव्हा सुरुवातीलाच “अक्राणी तालुका, म्हणजे धडगाव” असं म्हणून टाकलेलं बरं.

आपली अडचण न लपवता आणि तिची भीक न मागता मदत कशी मागायची, याचा मराठी मुलीने घालून दिलेला एक जुना धडा आहे. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. महिना संपायच्या आत, २८ जूनला, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राची रचना आजच्या कुठल्याही उमेदवाराने पाहावी. आपण प्रवेशाच्या नियमांत पुरत्या बसत नसू, हे त्यांनी स्वतःहूनच कबूल केलं. पण मित्र आणि जातीचे लोक यांच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता जो निर्धार आपल्याला इथवर घेऊन आला, तो पुढच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल, असं म्हटलं. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हे काम नेमकं कुठे आहे ते दाखवलं. आणि शेवटी लिहिलं, की स्वतःसाठी व्यक्तिशः काही मागत नाही. या कामाला लायक होण्यासाठी जे लागेल, ते मागते.

या पत्रात ‘मी जिद्दी आहे’ असं वाक्य नाही. विरोध असतानाही मी इथे आले आहे, एवढंच आहे. जिद्दीचा हिशेब वाचणाऱ्याने करायचा. गरिबीचं वर्णनही नाही. मागणी मात्र संकोच न करता मांडली आहे. कॉलेजने प्रवेश दिला आणि मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. काळ्या शौचाच्या भीतीने गोळी कुडात खोचणारी बाई आणि पुरुष डॉक्टरला नाडी न दाखवणारी बाई यांच्यात शतकाहून अधिक अंतर असलं, तरी दोघींचा मुद्दा एकच आहे: मधला माणूस आपल्यातला पाहिजे. आपल्या मुलीकडे तिच्या अर्जाचं सगळ्यात मोठं कारण तयार होतं, आणि ती तालुक्याच्या लांब उडीचं प्रमाणपत्र शोधत होती.

जवळचं उदाहरण हवं असेल, तर जिल्ह्याच्या माजी जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. डॉ. राजेंद्र भारूड शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. ते पोटात असतानाच वडील गेले. आईने मोहाची दारू विकून घर चालवलं. पुढे अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय, मुंबईचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, मग प्रशासकीय सेवा, आणि नंतर नंदुरबारचीच जिल्हाधिकारीपदाची खुर्ची. त्यांनी स्वतःची कथा पुस्तकात आणि मुलाखतींतून सांगितली आहे, आणि तिच्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तपशिलाची निवड. वडिलांचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढायला पैसे नव्हते. दारू प्यायला आलेली माणसं बरोबर खायला काहीतरी आणून दे म्हणायची, त्याचे चार पैसे द्यायची. त्या पैशांतून पुस्तकं यायची. यात ‘हलाखीची परिस्थिती’ हा शब्द कुठे आहे? आणि तरी ऐकणाऱ्याला परिस्थिती कळायची काही राहते का? शिवाय गिऱ्हाइकाच्या फरसाणातून पुस्तक काढणारा मुलगा किती चलाख असेल, हेही त्याच वाक्यात आलं.

यावर एखादा मुलगा म्हणेल, की दारूचं सांगायला लाज वाटते. वाटू शकते, आणि सांगायलाच पाहिजे असंही नाही. कलेक्टर झाल्यावर सांगणं वेगळं आणि सतराव्या वर्षी चार अनोळखी माणसांपुढे सांगणं वेगळं. घरातली कोणती गोष्ट खोलीत न्यायची, याची कसोटी सोपी आहे: त्या गोष्टीने आपण काय केलं किंवा आपल्याला काय लागेल, हे कळणार असेल, तर न्यायची. वडिलांचं पिणं, भावाची पोलीस केस, काकांनी लाटलेला वनपट्टा ही माहिती समितीला रंजक वाटेल, पण तिच्यावरून कुणाला किती रुपये द्यायचे हे ठरत नाही. विचारलंच, तर एका वाक्यात खरं सांगून पुढच्या वाक्यात अभ्यासावर यावं. बँक मॅनेजर फार खोलात शिरले तर बाजूच्या प्राध्यापक बाई बहुधा त्यांना टेबलाखालून पाय लावतात.

आणि ज्याने काहीच ‘केलेलं’ नाही, त्याचं काय? असा मुलगा सहसा सापडत नाही. सापडतो तो असा, की ज्याला आपलं काम हे काम वाटत नाही. ऊसतोडीच्या तळावर दोन धाकट्या भावंडांना सांभाळणं, जानेवारीत गावी परतून चुकलेले धडे मित्राच्या वहीवरून उतरवून घेणं आणि मार्चमध्ये परीक्षा देणं, याला गुणपत्रिकेत ५८ टक्के म्हणतात. तोच मुलगा समितीपुढे म्हणतो, “सॉरी सर, टक्के कमी आहेत.” त्याने एवढंच म्हटलं असतं की “वर्षातले तीन महिने मी शाळेत नव्हतो, तळावर होतो, परत आल्यावर गणित आणि विज्ञान स्वतः भरून काढलं, इंग्रजी राहिलं,” तर ५८ हा आकडा वर चढला असता. शेवटचं ‘इंग्रजी राहिलं’ हे तर सोन्याहून पिवळं. एक कच्ची बाजू उघड सांगणाऱ्याच्या बाकीच्या गोष्टींवर लोक विश्वास ठेवतात.

अर्थात, स्वतःविषयी दोन मिनिटं नीट बोलल्याने सगळं होतं, असं समजू नये. काही संस्थांचे निम्मे गुण टक्केवारीला असतात, काहींची यादी आधीच जवळपास ठरलेली असते, आणि काही देणगीदारांना मनातून अजूनही रडणारं मूलच हवं असतं, कारण वर्षाच्या कार्यक्रमात थर्माकोलचा मोठा चेक देताना फोटोला ते शोभतं. अशा ठिकाणी बोकडाचा हिशेब मांडणारी मुलगी जरा ‘आगाऊ’ ठरू शकते. त्याला तिचा इलाज नाही.

तरी आपल्या मुलीने होळीच्या आठवड्यात तिसरं भाषण तयार केलं, आणि ते भाषण म्हणण्यापेक्षा निरोप म्हणावा इतकं साधं होतं:

“मी अक्राणी तालुक्यातल्या, म्हणजे धडगावच्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले. दहावीनंतर दोन सुट्ट्या मावशीबरोबर आशाचं काम पाहिलं. आमच्याकडे बाया लोहाच्या गोळ्या खात नव्हत्या. का खात नाहीत, ते मी त्यांना पावरीत विचारलं आणि नर्सबाईंकडून उत्तर नेऊन दिलं. काहींनी गोळ्या सुरू केल्या, काहींनी अजून नाही. मला नर्सिंगला जायचं आहे. फीचं सरकारी शिष्यवृत्तीतून होईल. मेस आणि अनामत धरून पहिल्या आठ महिन्यांत २४,००० कमी पडतात. हिशेब फायलीत शेवटच्या पानावर आहे. इंग्रजी वाचते, बोलायला अजून अडखळते.”

घड्याळ लावून पाहिलं तर पाऊण मिनिट झालं. चुलत भाऊ म्हणाला, “यात इम्प्रेशन कुठे आहे?” सर म्हणाले, “निदान शेवटी ‘ऋणी राहीन’ तरी घाल.” तिने ते घातलं आणि खोलीत गेल्यावर विसरली.

खोलीत मात्र गंमत झाली. एवढं बोलून ती थांबली, आणि पुढची दहा मिनिटं समितीच तिला विचारत राहिली. प्राध्यापक बाईंना ‘काहींनी अजून नाही’ यांचं काय कारण, ते हवं होतं. देणगीदारांच्या घरच्या गृहस्थांनी मोबाईल पालथा ठेवला आणि कूड म्हणजे काय, ते विचारलं. बँक मॅनेजरांनी हिशेबाचं पान उघडलं आणि बोट बोकडावर ठेवलं.

“बोकड नऊ हजारांना जाईल?”

“होळीच्या बाजारात जाईल, सर. पावसाळ्यात सहालाच मागतात.”

“मग आत्ताच विकायला हवा.”

“कालच विकला, सर.”

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग नेहमीचा शेवटचा प्रश्न आला, “तुला आम्हाला काही विचारायचं आहे का?” या प्रश्नाला आतापर्यंत सर्वांनी “नाही सर, धन्यवाद” असं उत्तर दिलं होतं, आणि समितीलाही तेच अपेक्षित होतं.

“हो सर. निवड झालीच, तर पैसे कोणत्या महिन्यात येतात?”

“ऑगस्टमध्ये,” खजिनदार म्हणाले. “पहिला हप्ता ऑगस्टमध्ये.”

“अनामत जुलैत भरायची आहे.”

खजिनदारांनी प्राध्यापक बाईंकडे पाहिलं. बाईंनी मॅनेजरांकडे. मॅनेजर म्हणाले, हे आपण दरवर्षी असंच करतो का? खजिनदार म्हणाले, विश्वस्तांची बैठकच मुळी जुलैच्या अखेरीस असते, तर ते तरी काय करणार? देणगीदारांच्या घरचे गृहस्थ म्हणाले, बैठक जूनमध्ये घ्यायला कुणाची हरकत आहे? त्यावर खजिनदारांनी ऑडिटचं कारण सांगितलं, बाईंनी ते कारण मार्चमध्ये संपतं असं सांगितलं, आणि चौघांचा आवाज थोडा चढला. मुलगी फाईल मांडीवर धरून बसून राहिली. दारातून डोकावणाऱ्या पुढच्या उमेदवाराला शिपायाने हाताने थांबवलं, “अजून आत चाललंय.”